माळकरी सासरी न्यायचा ख्रिसमस हँपर

पत्र: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. डिसेंबरच्या शेवटी तीन आठवडे साताऱ्याला सासरी येतोय. सासूसासरे दोघंही माळकरी, दरवर्षी वारीला जातात. घरात मांसमच्छी, अंडं, दारू काहीही येत नाही. नणंद सांगलीला दिलीय, तिच्या सासरचे जैन आणि तेही कडक. दोन्ही घरांसाठी इथून एकेक तयार ख्रिसमस हँपर घेतलाय, अजून उघडलेला नाही. यादी अशी: मिन्स पाय, छोटं ख्रिसमस पुडिंग, चॉकलेट ट्रफल, शॉर्टब्रेड, चीज बिस्किटं, कांद्याची चटणी, वाइन गम्स, ‘अल्कोहोल-फ्री’ स्पार्कलिंगची बाटली, चहा आणि दोन बोन चायना मग. नवरा म्हणतो, पुडिंग काढलं की बाकी सगळं चालेल. चालेल का? आणि एक मनात सलतंय. गेल्या वर्षी सासरी नेलेल्या चॉकलेटच्या डब्यात रम होती हे मला मागाहून कळलं. घरात कुणालाच माहीत नाही. सांगू का?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर: दुकान परत घेत असेल तर दोन्ही हँपर परत करा. घेत नसेल तर तिथेच ऑफिसात किंवा शेजारी देऊन टाका. यादीतल्या दहा वस्तूंपैकी साताऱ्याला निःशंक नेता येतील अशा दोनच दिसतात: शॉर्टब्रेड आणि चहा. सांगलीला त्यातला चहा तेवढा उरतो. एवढ्यासाठी टोपलीचं ओझं विमानातून नेण्यात अर्थ नाही. शिवाय अशा टोपलीला बरेचदा चामड्याचे पट्टे असतात आणि आत छापील यादीचं कार्ड असतं. वस्तू काढून टाकल्या तरी ते कार्ड आत राहिलं, तर काय काढलं तेच घरच्यांना वाचायला मिळेल.

मुळात गफलत लेबलच्या सवयीमुळे होते. आपल्याकडे पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका दिसला की अंडं नाही हे पक्कं असतं, कारण आपल्या कायद्यात अंडं मांसाहारात धरलेलं आहे. ब्रिटनमध्ये असा सक्तीचा ठिपका नाही. ‘शाकाहाऱ्यांसाठी योग्य’ हे उत्पादक स्वतःहून लिहितो, आणि तिकडच्या शाकाहारात अंडं सर्रास चालतं. दारूचा तर त्या शब्दांशी काहीच संबंध नाही. ब्रँडी घातलेला मिन्स पाय ‘शाकाहारी’ लिहून विकला जातो आणि त्यात खोटं काही नसतं.

त्यामुळे पाकिटाची पुढची बाजू सोडा आणि मागची घटकांची यादी दोनदा वाचा. पहिल्यांदा फक्त ठळक शब्द बघा. ब्रिटनमध्ये १४ ॲलर्जीकारक पदार्थ यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात. अंडं, मासे, कोळंबी-खेकडे आणि शिंपले त्यात येतात, म्हणून हे चार लगेच सापडतात. चटणीत वूस्टर सॉस असेल तर त्यातला अँकोव्ही हा बारीक मासा असाच ठळक दिसेल. दुसऱ्यांदा साध्या अक्षरातलं सगळं सावकाश वाचा, कारण गायीची चरबी, जिलेटिन, किड्यापासूनचा लाल रंग आणि दारू यांना ठळक छापायचं बंधन नाही. घाईत नजर ठळक शब्दांवरून फिरते आणि नेमकं हेच निसटतं.

आता तुमची यादी घेऊ. मिन्स पायच्या आत सुकामेवा, साखर आणि मसाल्यांचं सारण असतं. ते मऊ राहावं म्हणून पारंपरिक कृतीत सूएट घालतात, म्हणजे गायीच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. हल्ली बरेच उत्पादक वनस्पती तेलाचं सूएट वापरतात. यादीत ‘बीफ सूएट’ आहे की ‘व्हेजिटेबल सूएट’, ते वाचलं की कळतं. सूएट वनस्पतीचं निघालं तरी ब्रँडी, रम, पोर्ट किंवा सायडर यांपैकी काहीतरी बहुधा असतंच. पुडिंगची तीच गत, वर अंडंही.

‘भाजताना दारू उडून जाते’ असं कुणी म्हणेल, ते ऐकू नका. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार मिश्रणात घातलेली दारू १५ मिनिटं भाजल्यावर सुमारे ४० टक्के शिल्लक राहते, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के. मिन्स पाय ओव्हनमध्ये असतो जेमतेम वीस मिनिटं, तोही वरून झाकलेला. पुडिंगवर ब्रँडी ओतून पेटवतात तेव्हा तर तीन चतुर्थांश दारू तशीच राहते. पदार्थ शिजल्यानंतर मुरण्यासाठी वरून दारू शिंपडली असेल, तर ती उडण्याचा प्रश्नच येत नाही. आणि माळ घातलेल्या माणसासाठी किती टक्के उरली हा मुद्दाच नाही. ती घातली होती, एवढं पुरेसं आहे.

चॉकलेट ट्रफलचा डबा यादीतली सगळ्यात फसवी वस्तू. आठ-दहा प्रकारांपैकी एकातच रम, शॅम्पेन किंवा कॉफी लिकर असते. डब्यावरची एकत्रित यादी लांबलचक असते, त्यात ‘रम (२ टक्के)’ हे कुठेतरी मध्ये सापडतं. तेवढे तुकडे काढून बाकीचा डबा न्यावा असं वाटेल, पण उघडलेला, मधली खळगी रिकामी असलेला डबा भेट म्हणून चांगला दिसत नाही आणि ट्रफल एकमेकांना घासलेलेही असतात. चॉकलेट न्यायचंच असेल तर साधी डार्क चॉकलेटची वडी घ्या, जिच्या यादीत कोको, साखर, कोको बटर आणि सोया लेसिथिन एवढंच असेल. व्हॅनिलाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा: ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ हा अर्क अल्कोहोलमध्येच काढतात, अमेरिकी मानकाप्रमाणे त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावं लागतं. यादीत मात्र व्हॅनिलाचं नाव येतं, अल्कोहोलचं येत नाही. स्वाद विरघळवायला वापरलेला द्रव यादीत लिहायची सक्ती नसते. वडीत त्याचा अंश नगण्य राहतो, पण सासरे थेंबाबाबतही काटेकोर असतील तर व्हॅनिला नसलेली वडी मिळते, ती घ्या.

चीज बिस्किटांत प्रश्न दूध फाडण्याचा असतो. चीजसाठी दूध रेनेटने विरजतात आणि पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून येतं. बाजारात सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेटही भरपूर वापरलं जातं, म्हणून सगळंच चीज वर्ज्य असं नाही. मात्र यादीत ‘पार्मिजानो रेजिआनो’ किंवा ‘ग्राना पडानो’ दिसलं की पाकीट खाली ठेवा. या नावांना कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांच्या ठरलेल्या कृतीत वासराचंच रेनेट असतं. ग्राना पडानोत अंड्यातून काढलेलं लायसोझाइमही वापरतात. पेस्टो सॉसमध्ये यांपैकी एखादं चीज बरेचदा असतं, म्हणून तोही नको.

वाइन गम्समध्ये वाइन नसते, पण बहुधा जिलेटिन असतं. गुरांच्या किंवा डुकरांच्या कातडी-हाडांपासून ते काढतात. म्हणजे नाव वाचून सासूबाई हात मागे घेतील, आणि नाव समजावून सांगितलं तर आतला पदार्थ अडचणीचा निघेल. गोळ्या-जेलीतला लाल रंगही तपासा. ‘कारमाइन’, ‘कोचिनील’ किंवा ‘ई १२०’ लिहिलं असेल तर तो किडे वाळवून काढलेला रंग. वरची चकाकी ‘ई ९०४’ची असेल तर ती लाखेची. लाख आणि मध आपल्या कायद्यात हिरव्या ठिपक्याखालीही चालतात, म्हणून सांगलीसाठी भारतीय पाकिटाचीही मागची बाजू वाचावीच लागेल.

‘अल्कोहोल-फ्री’ बाटली मुळीच नेऊ नका. या नावाने ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेल्या बाटल्याही तिथे विकल्या जातात. यातल्या बऱ्याच बाटल्यांत आधी खरीखुरी वाइन तयार होते आणि मग तिच्यातून अल्कोहोल काढून टाकतात. वाइन नितळ करायला कधीकधी माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास वापरतात, आणि तो लेबलवर लिहावा लागत नाही. हे सगळं बाजूला ठेवलं तरी शॅम्पेनसारखी सोनेरी कागदात गुंडाळलेली बाटली पांडुरंगाच्या तसबिरीसमोर, पाहुण्यांच्या देखत पिशवीतून निघणार आहे. ‘यात काही नाही’ हे तुम्ही कितीजणांना सांगत बसणार? सासऱ्यांना मात्र ते गावात सांगत बसावं लागेल.

मगांचं तर नावातच आहे. अस्सल बोन चायनात साधारण निम्मी हाडांची राख असते, बहुतेक वेळा गुरांच्या हाडांची. भांडं कितीही सुंदर असो, ज्यांना हे माहीत आहे ते त्यात चहा पिणार नाहीत. ज्यांना माहीत नाही त्यांना पुढे कुणीतरी सांगेल. तळाचा शिक्का बघा. ‘बोन’ शब्द असेल तर नको. पोर्सिलेन, स्टोनवेअर किंवा काच यांत हाडं नसतात.

शॉर्टब्रेड का टिकतो, तर त्यात पीठ, लोणी, साखर आणि मीठ एवढंच असतं. ‘ऑल बटर’ लिहिलेला साधा प्रकार घ्या. मध, चॉकलेट किंवा व्हिस्की घातलेले प्रकारही त्याच फळीवर असतात. तीन आठवड्यांत किमान एक एकादशी येईलच. गव्हाचं असल्याने त्या दिवशी पुढ्यात ठेवू नका. कांद्याच्या चटणीत सायडर व्हिनेगर आणि कांदा एवढंच असेल तर ती दारू-मांसाच्या दृष्टीने निर्धोक आहे, पण बरेच माळकरी कांदा-लसूण फक्त चातुर्मासात सोडतात तर काही कायमचा. सासूबाईंना विचारल्याशिवाय नेऊ नका.

सांगलीच्या घराचे नियम याहून वेगळे आहेत आणि ते साताऱ्याच्या यादीत दोन वस्तू कमी करून जमणारे नाहीत. सांगली-कोल्हापूरकडचे बहुतेक जैन दिगंबर आहेत. त्या परंपरेत गृहस्थाच्या आठ मूलगुणांमध्ये मद्य, मांस आणि मध या तिन्हींचा आणि पाच उदुंबर फळांचा त्याग येतो. म्हणजे मध तिथे दारूच्याच पंक्तीला आहे. उदुंबराच्या कुळातलं म्हणून अंजीरही वर्ज्य धरतात, आणि ख्रिसमसच्या सुक्या मेव्याच्या डब्यात अंजीर असतंच. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट ही कंदमुळं तर गेलीच. जेलीतला रंग ‘गाजराच्या अर्काचा’ असेल किंवा वेफर बटाट्याचे असतील तर हिरवा ठिपका काही कामाचा नाही. ‘जैन’ असं छापलेल्या पाकिटालाही सरकारी ठिपक्यासारखा आधार नाही, ते उत्पादकाचं स्वतःचं म्हणणं असतं. त्यातून घरातली मोठी माणसं बाजारचं बेकरीचं खातच नसतील, तर निर्दोष शॉर्टब्रेडही कपाटात पडून राहील.

म्हणून आधी फोन करा, पण ‘काय आणू?’ असं विचारू नका. ‘काही नको, तुम्ही या म्हणजे झालं’ हेच उत्तर येईल. नणंदेला हो-नाही म्हणता येईल असे प्रश्न विचारा. घरात मध चालतो का? अंजीर? मोठी माणसं दुकानातली बिस्किटं खातात का? रेशमी कापड, लोकर, चामडं यातलं काही टाळतात का? नणंद त्या घरात राहते, तिला ही उत्तरं पाठ असतील. पाहुण्यांपुढे आपल्याला खुलासे करावे लागणार नाहीत म्हणून तिलाही बरंच वाटेल.

आमचं मत असं: शॉर्टब्रेड आणि चहा सोडला तर खाऊ भारतात घ्या आणि इंग्लंडहून न खायच्या वस्तू आणा. सातारा-पुण्यात हिरव्या ठिपक्याचं, अंडं नसलेलं, ओळखीच्या दुकानातलं सगळं मिळतं. तिकडून आणलेल्या खाऊचं लेबल मात्र घरात तुमच्याशिवाय कुणी वाचणार नाही.

साताऱ्याच्या डब्यात साध्या शॉर्टब्रेडची दोन पाकिटं, स्वाद न घातलेल्या चहाचा एक २५० ग्रॅमचा डबा आणि दोन स्टोनवेअर मग ठेवा. त्यासोबत वारीला उपयोगी पडेल असं काही: पाऊण लिटरचा स्टीलचा थर्मास, डोक्याला बांधायची विजेरी, किंवा घडी होणारं हलकं रेनजॅकेट. आषाढातल्या पावसात चालणाऱ्या माणसाला ते जॅकेट ट्रफलच्या डब्यापेक्षा कितीतरी कामाचं आहे. फक्त आत पिसांचं अस्तर नाही आणि कुठे चामड्याची पट्टी नाही एवढं बघून घ्या.

सांगलीला चहा, काचेच्या झाकणबंद बरण्यांचा संच आणि सुती चादरी. जोडीला भारतातच घेतलेले सीलबंद अख्खे बदाम अर्धा किलो आणि वेलची १०० ग्रॅम. रेशीम नको, कारण नेहमीच्या रेशमासाठी कोष आतल्या किड्यासकट उकळतात. चामड्याचं पाकीट, चामडी पट्ट्याचं घड्याळ आणि मोत्याचे दागिनेही नकोत.

तुम्ही विचारलं नाही, पण परदेशातून येणाऱ्यांच्या बॅगेत मोठ्यांसाठी व्हिटॅमिनच्या बाटल्या असतातच. ओमेगा-३ म्हणजे बहुधा माशाचं तेल. मऊ कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, आणि चघळायच्या गमीतही बहुधा तेच. व्हिटॅमिन डी-३ सहसा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात. शेवाळाचं ओमेगा-३ आणि दगडफुलासारख्या लायकेनपासूनचं डी-३ मिळतं, त्या बाटलीवर ‘व्हीगन’ लिहिलेलं असतं. मात्र कोणतीही गोळी त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच द्या. अत्तर नेणार असाल तर तेलातलं घ्या. फवारायच्या परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोलच असतं, ते देवघरात जाणार नाही.

जे काही खाण्याचं न्याल त्याचं मूळ पाकीट फेकू नका, खाऊ सुट्या डब्यात भरू नका. पाकिटावर मराठीत एक चिठ्ठी चिकटवा: ‘पीठ, लोणी, साखर, मीठ. अंडं नाही, दारू नाही, जिलेटिन नाही.’ चिठ्ठीवर घटक लिहायचे ते लेबलवरून उतरवून. ‘शंभर टक्के शुद्ध’ असं काही लिहू नका, घरच्यांना घटक वाचून स्वतः ठरवू द्या.

आता रमबद्दल. सांगा, आणि तुम्हीच सांगा. डब्याचा फोटो किंवा नाव तुमच्याकडे असेल तर आधी तो नक्की कोणता प्रकार होता, रम खरीच होती की नुसता ‘रम फ्लेवर’ होता, हे लेबलवरून पडताळून घ्या. अर्धवट माहितीने घर ढवळून काढू नका. खरी रम होती हे ठरलं की साताऱ्याला पोचल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत, पाहुणे नसताना, नवऱ्याला सोबत घेऊन सासऱ्यांशी बोला. ‘बाबा, गेल्या वर्षी आणलेल्या चॉकलेटच्या काही तुकड्यांत रम होती. लेबल नीट वाचलं नव्हतं, नंतर कळलं. तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून सांगतोय.’ इतकंच. ‘अगदी थोडी होती’, ‘उडून गेली असेल’ असं जोडू नका. न कळत घडलेल्या गोष्टीचं काय करायचं, एखादा उपास करायचा, माळ पुन्हा घालून घ्यायची की नुसतं सोडून द्यायचं, हे ते आपल्या फडातल्या महाराजांना विचारून ठरवतील. ते सांगतील तसं करा. ते बोलणं होईपर्यंत नवा डबा बॅगेतून काढू नका.